आत्याचा निळा थेंब

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री पावणेअकराला साताऱ्याहून आत्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. शब्द एकही नाही. नुसता पिवळा चेहरा, डोळे मिटलेले आणि खाली निळा थेंब. काकांना आठवड्यापूर्वीच दवाखान्यातून घरी आणलं होतं. आईनं चष्मा लावला, माझा फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "रडतेय रे ही!"

मी फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. दादा गाडीची किल्ली शोधायला लागला, आईनं देवापाशी दिवा लावला. शेवटी आत्याच्या शेजारच्या वहिनींना उठवलं. त्यांनी भर पावसात जाऊन दार वाजवलं. पाच मिनिटांनी आत्याच फोनवर आली, आवाज झोपेनं जड. "अरे, तूच विचारलंस ना, जागी आहेस का? म्हणून कळवलं, झोप आलीय."

खरंच, तिच्या चेहऱ्याच्या वरच माझा मेसेज होता, 'जागी आहेस का?' आम्ही तिघांनी चेहरा दहा वेळा पाहिला, वरची ओळ एकदाही वाचली नाही.

त्या इमोजीचं अधिकृत नाव 'स्लीपी फेस', म्हणजे झोपाळू चेहरा. इमोजी रुजले जपानच्या मोबाइलवर, आणि तिथल्या चित्रकथांत गाढ झोपलेल्या माणसाच्या नाकातून फुगा आलेला दाखवतात. तो थेंब म्हणजे हा फुगा. 2010 साली हा चेहरा युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांसाठीच्या सामाईक अक्षर-चिन्हांच्या यादीत आला आणि जगभर पोहोचला, फुग्याची ओळख मात्र मागेच राहिली. थेंब डोळ्याखाली असेल तर रडू, नाकाशी असेल तर झोप. पुन्हा सांगतो, डोळ्याखाली रडू, नाकाशी झोप. पण बरेच जण हाच चेहरा रडका समजून पाठवतात, त्यामुळे नुसत्या चित्रावर विसंबू नका. आधी वरची ओळ वाचा. तिथे काहीच नसेल, तर 'काय झालं?' एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

आता पूर्णविराम. माझे मामा कधीकधी नुसतं टिंब पाठवतात. राग नाही, काही नाही. मेसेजखाली टिकची खूण उमटते का, म्हणजे आपलं नेट चालतंय का, ते बघतात. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवण्यापेक्षा हे टिंब बरं, निदान फोन तरी भरत नाही! आणि नुसती रिकामी चौकट आली, तर बहुधा पाठवणाऱ्याचा इमोजी नवा आणि तुमचा फोन जुना.

ज्याचे मेसेज एरवी लांबलचक असतात, त्याच्याकडून अचानक नुसतं टिंब आलं, तर मात्र तर्क न लढवता फोन करा.

आत्यानं तो चेहरा आता सोडलाय. झोपण्याआधी नुसता अंगठा पाठवते. आईला वाटतं, ती अजून रागावलेली आहे.