सभा झालीच नाही, मग ठराव कधीचा?

श्रोतेहो, नमस्कार. संस्थेचं चिटणीसपद ज्यांच्या गळ्यात पडलं आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. समिती जमलीच नाही, ई-मेलवरच सगळं ठरलं, आणि आता हिशेबतपासनीस विचारतात, "ठराव कुठे आहे?" तेव्हा काय लिहायचं?

एक वाचनालय डोळ्यांसमोर आणू. सात जणांची कार्यकारी समिती आहे. संस्थेच्या घटनेत फिरत्या ठरावाची सोय आहे: मसुदा सर्वांना पाठवायचा, एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिकांची लेखी संमती घ्यायची, म्हणजे इथे चार. अशी सोय आहे का, हे सर्वांत आधी बघा. नसेल तर ई-मेलवरच्या होकारांना फक्त सल्ल्याची किंमत. विषय पुढच्या सभेत ठेवून मंजूर करावा लागतो.

3 मार्चला चिटणीस लिहितात, "पुस्तकांसाठी दोन लोखंडी कपाटं घेऊ, 38,000 रुपये." त्याच रात्री खजिनदारांचं उत्तर येतं, "चालेल." 4 तारखेला एक सदस्य म्हणतात, "दोन कशाला, तीनच घ्या." मग 5 तारखेला चिटणीस नवं दरपत्रक जोडून पुन्हा लिहितात: तीन कपाटं, 54,000 रुपये, उत्तर 10 तारखेपर्यंत, माझी संमती आहे. 6 तारखेला दोघांचा होकार येतो. एक सदस्य मुलाकडे अमेरिकेत आहेत. त्यांचा होकार तिथल्या 7 तारखेच्या रात्रीचा, आपल्याकडे 8 तारखेच्या सकाळचा. 9 तारखेला एकांचा विरोध येतो, "पावसाळ्यापूर्वी छप्पर बघा, कपाटं नंतर." एक जण शेवटपर्यंत गप्प.

आता मोजा. घाईत पाच होकार दिसतात. पण खजिनदारांचं "चालेल" दोन कपाटांना होतं, तीनला नव्हे. होकार माणसाचा नसतो, मजकुराचा असतो. मसुदा बदलला की आधीची संमती गळते. ती हवी असेल तर पुन्हा मागायची. म्हणजे संमती चार, विरोध एक, नव्या मसुद्यावर उत्तर न देणारे दोन. ठराव झाला, पण काठावर. "दर कमी झाला तर माझी हरकत नाही" असं कोणी लिहिलं असतं, तर दर कमी होईपर्यंत तोही होकार धरता आला नसता. आणि मौनाला संमती समजू नका. म्हण काहीही सांगो, इथे लेखी संमती लागते.

मोजण्याआधी प्रत्येक मेलवरचे पत्ते तपासा. कुणीतरी सर्वांना उत्तर देण्याऐवजी एकालाच देतं, आणि तिथून पुढे दोघं-तिघं वगळली जातात. 5 तारखेचा मसुदा सातही जणांना गेला नसेल, तर चार होकार असूनही ठराव लंगडा. अशा वेळी राहिलेल्यांना तो पाठवून मुदत वाढवायची.

तारीख कोणती लावायची? चौथा होकार 8 तारखेचा. पण उरलेल्यांना 10 पर्यंत वेळ दिला होता. तोवर कुणी "यासाठी सभाच घ्या" म्हणू शकतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 175 मध्ये हा हक्क एकूण संचालकांच्या एक तृतीयांश जणांना दिला आहे. तो कायदा आपल्या वाचनालयाला लागू नाही, पण पद्धत समजायला चांगला. घटनेत वेगळं काही नसेल तर मी 10 मार्च लावते, आणि कपाटांची ऑर्डर 11 ला.

नोंद अशी लिहावी: "फिरता ठराव क्रमांक 1. मसुदा 5 मार्च रोजी सातही सदस्यांना ई-मेलने पाठवला. मुदत 10 मार्च. ठराव: वाचनालयासाठी तीन लोखंडी कपाटे 54,000 रुपयांपर्यंत खरेदी करावीत. संमती चार, विरोध एक, उत्तर न देणारे दोन. 10 मार्च रोजी बहुमताने मंजूर. वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार." पुढे चौघांची आणि विरोधकांची नावं, प्रत्येकाच्या उत्तराची तारीख, आणि छपराबद्दलचं कारण एका ओळीत. खाली चिटणिसांची सही आणि नोंद लिहिल्याची तारीख, समजा 14 मार्च. ही तारीख मागे ओढून 10 करायची नाही.

"सभा झाली", "उपस्थित", "सूचक-अनुमोदक" हे शब्द या नोंदीत येता कामा नयेत. जुन्या इतिवृत्तावरून मजकूर उचलला की ते हमखास घुसतात. मग न झालेल्या सभेचं इतिवृत्त तयार होतं, आणि ते उघडं पडलं की खरा ठरावही संशयात सापडतो.

पुढच्या सभेत हा विषय पुन्हा मतांना टाकायचा नाही. इतिवृत्तात एवढंच: "फिरता ठराव क्रमांक 1 ची नोंद घेतली", आणि त्याखाली ठरावाचा पूर्ण मजकूर. मूळ मेल दोन्ही दरपत्रकांसह छापून फाइलला लावा. खजिनदारांचं 3 तारखेचं "चालेल"सुद्धा. ते का मोजलं नाही, हे कुणीतरी विचारणारच आहे, बहुधा खजिनदारच. नमस्कार.