कोपरा पकडायचा नसतो, काढायचा असतो

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर विषय लिहिला आहे, 'चित्रीकरणातल्या फोनच्या पडद्यावर नवं दृश्य बसवणं आणि ते खरं वाटायला लावणं'. बसवणं आणि खरं वाटायला लावणं, असे दोन भाग आहेत. दुसऱ्याला मी वेळ ठेवणार आहे. पण पहिल्यात माझं एक जुनं दुखणं आहे, ते आधी सांगतो. तुमच्यातले निम्मे तरी या दुखण्यातून गेलेले असतील.

शॉट चार सेकंदांचा. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १०० फ्रेम. एक बाई खुर्चीत बसली आहे, हातात फोन आहे, ती तो हळूहळू कॅमेऱ्याकडे वळवते आणि अंगठ्याने पडद्यावर काहीतरी वर सरकवते. मागे उभ्या पट्ट्यांचा पडदा. घोटाळा नको म्हणून त्याला मी 'परदा' म्हणतो. फोनवर एक निरोप दिसायला हवा होता. चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी सल्ला दिला की, फोनवर हिरवा रंग लावा, पुढच्या माणसाला सोपं पडेल. तो पुढचा माणूस मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

शॉट हातात आला तेव्हा फोनचा ब्राइटनेस पूर्ण होता. खोलीत उजेड बेताचा होता, त्यामुळे फोन हा हिरवा दिवाच झाला होता. बाईंच्या हनुवटीखाली हिरवं, अंगठ्याच्या आतल्या कडेला हिरवं, नखावर हिरवं. अंगठ्याची कड फोकसच्या थोडी बाहेर होती. हिरवा रंग गाळायला, म्हणजे 'की' करायला गेलं तर ती अर्धपारदर्शक कड हिरव्याबरोबर निघून जायची. अंगठा कुरतडल्यासारखा दिसायचा. त्या कडेचा मास्क मला शेवटी फ्रेमगणिक हाताने काढावा लागला. ज्या कामासाठी हिरवा रंग लावला होता, नेमकं तेच काम त्याने केलं नाही.

पण खरा त्रास ट्रॅकिंगचा, म्हणजे फोन फ्रेमगणिक कुठे सरकतो ते टिपण्याचा झाला, आणि आजचा मुद्दा तिथेच आहे.

मी तेव्हा सगळे करतात तेच केलं. आफ्टर इफेक्ट्सच्या ट्रॅकरमध्ये चार बिंदूंचा पर्स्पेक्टिव्ह कॉर्नर पिन निवडला आणि फोनच्या चार कोपऱ्यांवर चार चौकटी ठेवल्या. पहिल्या ४० फ्रेम सुरेख गेल्या. मग फोन वळायला लागला आणि वरचा डावा कोपरा हळूच घसरला. एकदम उडी मारली असती तर लगेच कळलं असतं. तो दोन-तीन पिक्सेल सरकला आणि तिथेच रमला. ५८ व्या फ्रेमला अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यावर आला, तेव्हा तो कोपरा सरळ अंगठ्याबरोबर चालू पडला.

वरचा कोपरा का घसरला, ते नीट पाहू. कोपऱ्यावर चौकट ठेवली की तिच्यात फोनचा वाटा असतो साधारण पाव भाग. उरलेली सगळी चौकट परद्याची. फोन पुढे, परदा मागे. फोन हलला की दोघांची गती वेगळी. ट्रॅकरला फोन कुठला आणि परदा कुठला हे माहीत नसतं. चौकटीतल्या चित्राशी सर्वांत जास्त जुळणारी जागा तो शोधतो. परद्यावरच्या पट्ट्या ठळक, फोनची कड काळी आणि बारीक. त्याने पट्टीला मत दिलं.

शिवाय हल्लीच्या फोनच्या पडद्याला कोपरा असतोच कुठे? असते ती गोलाई. वर्तुळाचा तुकडा स्वतःवरून थोडा सरकवला तर जवळजवळ तसाच दिसतो, त्यामुळे चौकट त्या गोलाईवरून पुढे-मागे घसरत राहते आणि ट्रॅकर छातीठोकपणे सांगतो की जुळलं आहे.

(सभागृहातून प्रश्न आला: दोन-तीन पिक्सेलने एवढं काय बिघडतं?)

बरं झालं विचारलंत. माझ्या शॉटमध्ये फोनचा पडदा जेमतेम ३०० पिक्सेल रुंद होता. तीन पिक्सेल म्हणजे रुंदीच्या एक टक्का. आणि ही चूक कोपऱ्यापुरती राहत नाही. फळ्यावर दोनच ओळी लिहितो.

```
x' = (a·x + b·y + c) / (g·x + h·y + 1)
y' = (d·x + e·y + f) / (g·x + h·y + 1)
```

सपाट चित्र सपाट पडद्यावर, दृष्टिकोनासकट बसवायचं तर हे एवढंच गणित लागतं. a पासून h पर्यंत आठ अज्ञात. चार कोपरे, प्रत्येकाचे दोन आकडे, म्हणून आठ समीकरणं. आठाला आठ. उत्तर निघतं, पण ते तपासायला नववं समीकरण उरत नाही. एका कोपऱ्याने चूक सांगितली तर बाकीचे तिघे तिला आवर घालू शकत नाहीत. ती चूक पूर्णच्या पूर्ण आठ आकड्यांत उतरते आणि सगळा निरोप, सगळी अक्षरं, तिरकी ताणली जातात. पुढच्या फ्रेमला वेगळी चूक, वेगळा ताण. चित्र फोनवर चिकटल्यासारखं दिसण्याऐवजी पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. अक्षरांच्या ओळी सरळ असायला हव्यात हे डोळ्याला पाठ असतं, म्हणून मजकुरात हे आधी खटकतं.

मी दोन रात्री तो कोपरा फ्रेम-फ्रेमला हाताने बसवला. मग बिंदू थरथरायला लागले, कारण हाताने दर वेळी अर्धा पिक्सेल इकडे-तिकडे होतोच. थरथर घालवायला ते गुळगुळीत केले, तर चित्र फोनच्या मागून उशिरा यायला लागलं. तेव्हा मला पटलं की कोपऱ्यालाच साक्षीदार करणं चुकीचं आहे. पडद्याच्या सबंध पृष्ठभागात कोपऱ्याइतकी बेभरवशाची जागा दुसरी नाही: तिथे मागचं दृश्य शिरतं, तिथे बोटं येतात, तिथे गोलाई असते.

म्हणून पृष्ठभाग ट्रॅक करायचा. मोकासारख्या प्लेनर ट्रॅकरमध्ये दोन गोष्टी जाणूनबुजून वेगळ्या ठेवलेल्या आहेत. एक आकार तुम्ही काढता, ज्याच्या आतले पिक्सेल तो बघतो. दुसरी चार कोपऱ्यांची चौकट, जी त्या गतीबरोबर नुसती वाहून नेली जाते. पहिल्या आकारातले हजारो पिक्सेल त्याच आठ आकड्यांसाठी मत देतात. दहा-वीस चुकले तरी बाकीचे सांभाळून घेतात. कोपरे या हिशेबाचं उत्तर म्हणून निघतात. ते हिशेबात घातलेले नसतात.

तोच शॉट मी नंतर असा केला. आधी एक संदर्भ फ्रेम निवडली: फोन कॅमेऱ्याकडे सर्वांत सरळ, सर्वांत मोठा, हलून धूसर न झालेला, बोट नसलेला. ती मधलीच एक निघाली. तिथून पुढे आणि मागे, दोन्ही दिशांना ट्रॅक केलं. आकार फोनच्या काळ्या चौकटीभोवती, पण कडेच्या जरा आत, म्हणजे परदा बाहेरच राहिला. अंगठ्यासाठी वेगळा आकार काढून तो वजा केला. तो आकार ढोबळ चालतो, फक्त अंगठ्यापेक्षा मोठा हवा. मग कोपऱ्यांची चौकट. गोलाईकडे बघितलंच नाही. पडद्याच्या सरळ बाजू पुढे वाढवल्या आणि त्या जिथे छेदतात तिथे कोपरा ठेवला. तो दिसणाऱ्या हिरव्याच्या किंचित बाहेर, काळ्या पट्टीवर पडतो, आणि तिथेच असायला हवा. नवं चित्र चौकोनी कोपऱ्यांचंच ठेवायचं, गोलाईचा मास्क वेगळा लावायचा.

आणि निरोप लगेच बसवायचा नाही. आधी चौकड्यांची जाळी बसवा, तिला दोन कर्ण काढा. मग उलटं करा: त्याच ट्रॅकने फोन सपाट करून बघा, म्हणजे फोन स्थिर राहील आणि खोली हलेल. १०० फ्रेम चालवा. काळी चौकट खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली पाहिजे. एकच कोपरा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल तर ट्रॅक तिथे कच्चा आहे. सगळी चौकट एकाच दिशेला हळूहळू सरकत असेल तर तो साठत गेलेला घसरा आहे. संदर्भ फ्रेम आणि शेवटची फ्रेम आलटून-पालटून दाखवली की तो लगेच सापडतो. मूळ शॉटमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे सगळंच हलत असतं.

आता चित्रीकरण करणाऱ्यांना कळकळीची विनंती. फोन पूर्ण बंद ठेवला तर काचेवर खोलीचं खरं प्रतिबिंब मिळतं, आणि ते सोन्यासारखं असतं. अडचण एवढीच की प्रतिबिंब फोनच्या पृष्ठभागासारखं हलत नाही, ते फोनच्या मागे खोलवर असल्यासारखं हलतं आणि ट्रॅकरला फसवतं. म्हणून माझी पसंती: मंद, सपाट करडा रंग, ब्राइटनेस खाली, आणि पडद्याच्या आतल्या भागात चार-पाच लहान फुल्या. कोपऱ्यात नकोत, आत. चेहऱ्यावर रंग पडत नाही, ट्रॅकरला धरायला काहीतरी मिळतं, आणि करडा वजा केला की प्रतिबिंब हाती उरतं. फुल्या पुसायच्या त्या सपाट केलेल्या चित्रात; तिथे त्या जागच्या जागी असतात, म्हणून एकदा पुसून भागतं.

मागून खूण झाली आहे, पाच मिनिटं. म्हणजे दुसरा भाग, ज्यासाठी तुम्ही आलात, तो मला पळतच सांगावा लागणार.

लेन्स सरळ रेषा किंचित वाकवते, वरच्या गणितात सरळ रेषा सरळच राहते. फोन फ्रेमच्या कडेला असेल, लेन्स रुंद असेल, तर आधी फुटेज सरळ करा, मग ट्रॅक करून चित्र बसवा आणि ते चित्र पुन्हा तितकंच वाकवून मूळ फुटेजवर ठेवा.

मोशन ब्लर. २५ फ्रेमला शटर १८० अंश असेल तर प्रत्येक फ्रेम १/५० सेकंद उघडी असते. फोन तेवढा वेळ हलतो आणि धूसर होतो, तुमचं चित्र मात्र धारदार राहतं. आफ्टर इफेक्ट्समधला कॉर्नर पिन इफेक्ट लेयरच्या मोशन ब्लरला दाद देत नाही. मोकातून डेटा काढताना ब्लर चालणारा पर्याय निवडा.

काळा रंग. पडद्याचा काळा कधीच शून्य नसतो, काचेवर खोलीचा उजेड पडतोच. तुमच्या चित्रातला काळा तिथपर्यंत उचला, आणि प्रतिबिंब वरून बेरजेने मिसळा, तेही लिनियर प्रकाशात. चित्राची कड अर्धा-एक पिक्सेल मऊ करा. फोनची दूरची बाजू फोकसबाहेर असेल तर चित्राचीही तीच बाजू धूसर हवी. शेवटी ग्रेन. मूळ फुटेजमध्ये तो असतो, तुमच्या चित्रात नसतो. तिन्ही रंगांच्या चॅनेलमध्ये तो वेगळा असतो, म्हणून एकेक चॅनेल उघडून मोठं करून जुळवा. अंगठ्याचा मास्क ग्रेनच्या आधी लावा की नंतर, हे विचारायला हात वर झालेला दिसतोय: ग्रेन फक्त नव्या चित्रावर घाला आणि मग अंगठा वर ठेवा, कारण अंगठ्यावर त्याचा स्वतःचा ग्रेन आधीच आहे.

दिवे घालवा. शॉट दोनदा लावतो, आधी सपाट केलेला, मग मूळ. ५८ व्या फ्रेमला खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघा.