‘sat la’ म्हणजे नक्की कधी?

पडद्यावर दहा ओळी दिसतायत. दोन मित्र सुट्टीचा बेत ठरवतायत. संवाद नमुन्याचा आहे, पण तुमच्या फोनमध्ये याची भावंडं सापडतील.

```
अ: wkend la kay krtoys
ब: kahi nai, ka re
अ: tekdi?
ब: chalel, kdhi
अ: sat la
ब: skali na
अ: ho mg, un nko
ब: k done
अ: gn
ब: gn tc
```

पहिली ओळ प्रश्नासारखी दिसते, पण ‘अ’ला ‘ब’च्या दिनक्रमाशी काही देणंघेणं नाही. तो चाचपणी करतोय. ‘ब’ला टाळायचं असतं तर इथेच ‘जरा काम आहे’ म्हणून सुटता आलं असतं, आणि आमंत्रण न दिल्यामुळे नकारही कुणाच्या पदरी पडला नसता. ‘ब’नेही ते ओळखलंय, म्हणून ‘काही नाही’ला लगेच ‘का रे’ जोडलंय. म्हणजे, बोल आता.

आता स्पेलिंग बघा. लोक म्हणतात, पोरं वाट्टेल तसे स्वर गाळतात. मला तसं वाटत नाही. krtoys हा शब्द सावकाश वाचा: क, र, तो, य, स. ‘करतो आहेस’चं ‘करतोयस’ जिभेने आधीच केलं होतं, बोटांनी फक्त ‘अ’ गाळला. देवनागरीत ‘मग’ लिहिताना आपण कुठे स्वर लिहितो? म आणि ग, झालं. mg तेच आहे. nko म्हणजे न, को. tekdi म्हणजे टे, क, डी. skali मध्ये ‘स’चा अ गेला, पण ‘का’चा आ राहिला. पोरं रोमन लिपीत चक्क देवनागरी लिहितायत: व्यंजनात मुरलेला अ लिहायचा नाही, काना आला की a द्यायचा. शब्दाच्या सुरुवातीचा अ मात्र गाळता येत नाही. Asel चं sel केलं तर कुणालाच कळणार नाही. ही सवय एसएमएसच्या काळात पक्की झाली असावी. तेव्हा एका मेसेजात रोमनची 160 अक्षरं बसायची, देवनागरीची फक्त 70, तीही काना-वेलांटी वेगळी मोजून.

पण याच संवादात दुसरी एक पद्धतही आहे. wkend, gn, tc ही इंग्रजीची लघुरूपं. त्यांचा नियम निराळा: काही शब्दांची आद्याक्षरं घेतात, काहींची मधली अक्षरं गाळतात, काहींचं नुसतं डोकं ठेवतात. लिपी एकच, त्यामुळे कुठला शब्द कुठल्या नियमाने वाचायचा हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. बहुतेक वेळा ते जमतं. mg पाहून कुणाला मिलिग्रॅम आठवत नाही.

पाचव्या ओळीत मात्र घात झाला. ‘अ’ने मराठी नियमाने लिहिलं: सातला. त्याच्या डोक्यात रविवार होता, कारण शनिवारी त्याला उशिरापर्यंत झोपायचं होतं. ‘ब’ने इंग्रजी नियमाने वाचलं: सॅटला, म्हणजे शनिवारी. मूळ खोड ‘कधी’त आहे, तो एकच शब्द वारही विचारतो आणि वेळही. ‘अ’ने वेळ सांगितली, ‘ब’ला वार मिळाला, आणि दोघांनाही उत्तर पूर्ण झाल्यासारखं वाटलं.

पुढची गंमत बघा. ‘सकाळी ना’ हा प्रश्न दोन्ही अर्थांना चालतो. ‘ऊन नको’ही चालतं. त्यानंतरच्या प्रत्येक ओळीने गैरसमज उघडा पडण्याऐवजी आणखी घट्ट झाला. k done ने तर कुलूपच लावलं, कारण त्यात होकार आहे, पण कशाला होकार ते नाही. ‘शनिवारी 7 ना?’ एवढं उलट विचारलं असतं तर भांडं तिथेच फुटलं असतं. आकडा अंकात आणि वार मराठीत, shani किंवा ravi, लिहिला की हा घोळ होत नाही.

जाता जाता त्या k बद्दल. k done मध्ये तो निरुपद्रवी आहे. नुसता k आला की माणूस तुटक वाटतो, kk आला की मऊ. आणि k पुढे पूर्णविराम आला तर बहुधा काहीतरी बिनसलंय. 2015 मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एका शब्दाची उत्तरं दाखवली. टेक्स्ट मेसेजमध्ये पूर्णविराम असलेली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही. चॅटमध्ये ओळ संपल्याचं मेसेज पाठवण्यानेच कळतं, म्हणून टिंब रिकामं होतं, आणि रिकाम्या टिंबात लोक राग भरतात.

तर शनिवारी उजाडता उजाडता ‘ब’ बूट घालून तयार. मेसेजला उत्तर नाही, म्हणून त्याने फोन केला. पलीकडून झोपेतला आवाज: “अरे, सात म्हणालो होतो ना!”

“हो, सॅटच आहे आज.”