एफआयआयने विकलं म्हणजे उद्या मार्केट पडणारच का?

राम राम मंडळी. आपल्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी एक आकडा फिरतो, "एफआयआयने आज इतके हजार कोटी विकले." लगेच कुणीतरी लिहितं, उद्या मार्केट पडणार. या आकड्यात नेमकं काय असतं, ते ऑक्टोबर २०२४ घेऊन बघू.

त्या महिन्यात एफआयआयने, म्हणजे परदेशी गुंतवणूक संस्थांनी, कॅश मार्केटमध्ये सुमारे १ लाख १४ हजार कोटींची निव्वळ विक्री केली. देशी संस्थांनी, म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरेंनी, सुमारे १ लाख ७ हजार कोटींची खरेदी केली. जवळपास बरोबरीच झाली, तरी निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास पडला.

असं का? कारण भाव घाई असलेला माणूस ठरवतो. रावेर-सावद्याकडे केळी कापणीला आली की शेतकऱ्याला थांबता येत नाही. व्यापारी माल सगळा उचलतो, पण आपल्या भावाने. तसंच इथे झालं. देशी फंडांकडे पैसा होता, त्या महिन्यात एसआयपीतूनच २५ हजार कोटींवर आले होते. पण ज्याला विकायचंच आहे, त्याच्यासाठी भाव वाढवून कोण देणार? म्हणून देशी खरेदीने पडझड सावरली, दिशा मात्र फिरली नाही. कोण किती घेतंय यापेक्षा कोणत्या भावाला घेतंय, हे बघायला हवं.

आता गंमत बघा. त्याच महिन्याचा एनएसडीएलचा, म्हणजे आपले शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या संस्थेचा, आकडा आहे सुमारे ९४ हजार कोटींची विक्री. मग २० हजार कोटी गेले कुठे? एनएसईवर संध्याकाळी येतो तो प्रोव्हिजनल आकडा, त्यात बाजारातली खरेदी-विक्री असते. एनएसडीएलच्या आकड्यात आयपीओसारखी प्रायमरी मार्केटमधली खरेदीही धरतात. ऑक्टोबरमध्ये ह्युंदाईचा २७ हजार ८७० कोटींचा आयपीओ आला होता. म्हणजे परदेशी संस्था एका हाताने बाजारात विकत होत्या आणि दुसऱ्या हाताने नवे शेअर घेत होत्या. संध्याकाळचा आकडा तेवढा एकच हात दाखवतो.

रोज वाचताना आधी निव्वळ आकड्याशेजारची एकूण खरेदी आणि एकूण विक्री बघा. विक्री वाढली की नुसती खरेदी आटली, हे तिथेच कळतं. एखाद्या दिवशी आकडा अचानक फुगला, तर एनएसईच्याच साइटवर ब्लॉक डीलची यादी उघडा. एखाद्या मोठ्या भागधारकाने हिस्सा विकला असेल, तर एका सौद्यानेच दिवसाचं चित्र बदलतं. त्याचा बाजाराच्या दिशेशी फारसा संबंध नसतो.

आणि हो, हा आकडा येतो तोवर बाजार बंद झालेला असतो. आजच्या विक्रीचा परिणाम आजच्या भावात बराचसा उतरलेला असतो. म्हणून मी एका दिवसाच्या आकड्यावर सौदा करत नाही, वीस दिवसांची बेरीज निफ्टीशेजारी मांडतो. परदेशी विक्री चालूच आहे, पण निफ्टी नवा तळ करत नाही, असं दिसलं की मी जास्त लक्ष देतो. तिथे घेणारा आता भाव पाडून मागत नाहीये.