भरिताचा समोसा, कढईविना

जळगावजवळच्या एका गावात हिवाळ्यातली सकाळ. अंगणात कपाशीच्या काड्यांवर हिरवी भरताची वांगी भाजून झाली आहेत. खरपूस वास स्वयंपाकघरापर्यंत आलाय. पण आज या भरितासोबत कळण्याची भाकरी नाही. ते समोशात जाणार आहे, आणि समोसा ओव्हनमध्ये.

कढईत तेल समोशाला चहूबाजूंनी वेढतं. ओव्हनमध्ये तसं होत नाही. वरची बाजू कोरड्या हवेत असते. खालची ट्रेला टेकलेली, आतल्या वाफेने दमट राहते. पहिल्या घाण्याला वहिनींनी मध्ये उलटलंच नव्हतं. वरून सोनेरी समोसे, खालून पांढरे आणि चिवट. म्हणून आता उभ्या समोशाऐवजी त्या चपटा त्रिकोण वळतात. तो दोन्ही अंगांवर नीट बसतो.

पाव किलो मैद्याला साठ ग्रॅम तुपाचं मोहन, थोडं मीठ, अर्धा चमचा ओवा. मोहन चोळलेला मैदा मुठीत दाबला की मूद राहायला हवी. मग थंड पाणी बेताबेताने घालून घट्ट पीठ मळायचं. यात बारा समोसे होतात. सारण मात्र कोरडं हवं. भरीत परतताना चमच्याने रेघ ओढा. रेघेत पाणी उतरलं, तर अजून परता. ओल्या, गरम सारणाची वाफ कडा फोडून बाहेर येते.

आता ओव्हन. २०० अंश, आणि आधी पंधरा मिनिटं तापवलेला. १८० वर रंग यायच्या आत पारी वाळून कडक होते. २२० वर अंड्याचा थर करपतो आणि दुमडीतलं पीठ कच्चं राहतं.

एक अंडं, एक चमचा दूध, चिमूटभर मीठ. फेटून गाळून घ्यायचं. ब्रश वाटीच्या काठाला निथळून फक्त वरच्या बाजूला फिरवायचा. अंडं ओघळून खाली गेलं, तर समोसा ट्रेला चिकटतो, आणि उलटताना नेमकी तिथलीच पारी फाटते. अंड्यातल्या प्रथिनांमुळे गडद तकाकी येते. अंडं न खाणाऱ्यांनी दूध लावावं. रंग येतो, पण फिकट.

पंधरा मिनिटं झाली. वहिनी ट्रे बाहेर काढतात. चिमट्याने एकेक समोसा उलटतात. नवीन वर आलेल्या बाजूला आता अंडं लावतात. आणि ट्रे आत सरकवताना मागची बाजू पुढे करतात, कारण या ओव्हनचा मागचा कोपरा जास्त तापतो. आणखी दहा मिनिटं.

बघा, खालच्या बाजूवर नखाने टिचकी मारली की पोकळ, कोरडा आवाज येतो. असे झालेले समोसे ताटात नाही, जाळीवर काढायचे. ताटात ठेवले तर त्यांच्याच वाफेने दहा मिनिटांत तळ पुन्हा मऊ पडतो.