नोकरी सांभाळून गेम: शेवटची दहा मिनिटं

मंडळी, आजच्या पत्रिकेवर ‘नोकरी सांभाळून गेम तयार करणाऱ्याचं वेळेचं गणित’ असा विषय छापला आहे, आणि ते गणित मी मांडणार आहे. पण त्याआधी एका गोष्टीवर बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती गोष्ट म्हणजे संध्याकाळी गेमच्या कामाला बसतो ती बैठक संपवतानाची शेवटची दहा मिनिटं.

आधी बैठकीची लांबी ठरवू, आणि ती उलटी मोजू. सकाळी साडेसहाला उठायचं असेल आणि साडेसात तास झोप हवी असेल, तर अकराला डोळा लागला पाहिजे. बगच्या मागे धावलेलं डोकं लगेच शांत होत नाही, त्याला तासभर द्यावा लागतो. म्हणजे दहाला काम थांबलं पाहिजे. जेवणखाण, घरचं सगळं आटोपून साडेआठला बसलात, तर हाती दीड तास येतो. आठवड्यात अशा चार बैठका म्हणजे सहा तास. बाकीच्या तीन संध्याकाळी मोकळ्या, आणि त्या मोकळ्या आहेत हे रविवारीच ठरवून टाकायचं. काम न झाल्यामुळे रिकामी गेलेली संध्याकाळ आणि ठरवून मोकळी ठेवलेली संध्याकाळ यांत मोठा फरक आहे. पहिलीत माणूस रात्रभर स्वतःवर चिडलेला असतो, त्यामुळे विश्रांती होतच नाही.

आता त्या दीड तासात काय होतं ते पाहा. इंजिन उघडलं, प्रोजेक्ट उघडला. परवा कुठे थांबलो होतो? उडीच्या कोडमध्ये काहीतरी चाललं होतं. तीन फाइली उघडून पाहिल्या, गेम चालवून पाहिला तर तो सुरूच होत नाही, कारण परवा एक फंक्शन अर्धं बदलून ठेवलं होतं. ते का बदललं, हे आठवेपर्यंत पंचवीस मिनिटं जातात. चार बैठकांची मिळून शंभर मिनिटं झाली, म्हणजे सहा तासांतले जवळजवळ पावणेदोन तास फक्त आठवण्यात गेले. दिवसभर गेमच करणाऱ्याला हा फटका दिवसाला एकदाच बसतो आणि पुढे सात तास मोकळे असतात. आपल्याला तो प्रत्येक दीड तासाला बसतो, आणि तोही नोकरीने दमवलेल्या डोक्याला.

म्हणून नियम असा: दहाला थांबायचं असेल तर नऊ पन्नासला नवीन काम बंद. त्या दहा मिनिटांत तीन गोष्टी करायच्या. पहिली, गेम पुन्हा चालू स्थितीत आणायचा. अर्धा राहिलेला बदल बाजूला काढा किंवा वेगळ्या शाखेत टाका, पण मुख्य प्रोजेक्ट उघडून बटण दाबलं की खेळता आलं पाहिजे. दुसरी, बदल गिटमध्ये नोंदवायचे. इथे एक खड्डा आहे: `git commit -am` ही आज्ञा नव्याने तयार केलेल्या फाइली घेत नाही, ती फक्त आधीपासून नोंद असलेल्या फाइलींतले बदल उचलते. नवं चित्र, नवा आवाज, नवं दृश्य मागे राहतं आणि आठवड्याने दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला की काहीच सापडत नाही. म्हणून आधी `git add -A`, मग नोंद.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. पुढच्या बैठकीचं पहिलं काम लिहून ठेवायचं, आणि ते कोडमध्येच, जिथे ते करायचं आहे त्या ओळीच्या वर. ‘उडी सुधारणे’ असं लिहून भागत नाही. असं लिहा:

```
# पुढे: कड्यावरून पाय सुटल्यावर 0.1 सेकंद उडी चालू द्यायची.
# coyote_timer तयार आहे, अजून कुठे वापरलेला नाही.
# तपासणी: लेव्हल 3, डावीकडचा पहिला खड्डा.
```

काय करायचं, काय तयार आहे, आणि झालं हे कुठे खेळून कळेल. तिसरी ओळ लोक गाळतात, आणि तीच सगळ्यांत जास्त वेळ वाचवते, कारण दमलेल्या माणसाला काम कधी संपलं हे ठरवता येत नाही. तपासणीची जागा लिहिलेली असली की तो खड्डा पार झाला, काम संपलं. अशी नोंद असली तर पंचवीसची पाच मिनिटं होतात. आवरायची दहा धरली तरी बैठकीमागे दहा आणि आठवड्याला चाळीस मिनिटं हाती राहतात. त्याहून मोठा लाभ असा की, ‘आज बसावं की नको’ असा विचार मनात येईपर्यंत पहिली ओळ लिहून झालेली असते.

काही जण उलट सल्ला देतात: कोड मुद्दाम मोडून ठेवा, म्हणजे चूक दाखवणारी ओळच उद्या जागा सांगेल. दिवसभर कोड लिहिणाऱ्यासाठी हा सल्ला ठीक असेल. आपली पुढची बैठक परवा असते, कधी ऑफिसातलं काम अंगावर आलं तर दहा दिवसांनी. दहा दिवसांनी मोडका प्रोजेक्ट उघडण्याची इच्छा फार थोड्यांना होते. प्रोजेक्ट चालता ठेवा.

आणि आता माझी जुनी तक्रार. ‘रोज थोडं तरी करा, एकही दिवस चुकवू नका’ हा सल्ला. भिंतीवर कॅलेंडर, रोज एक फुली, साखळी तुटू द्यायची नाही. भाषा शिकायला, व्यायामाला हे चालत असेल. गेमच्या कामात मात्र दहा मिनिटांत होणारी कामं फार थोडी असतात, आणि जी होतात ती बहुतेक वेळा गरजेची नसतात. मग साखळी राखण्यासाठी माणूस काय करतो? मेनूतल्या बटणाचा रंग बदलतो, फोल्डरांची नावं बदलतो, फॉन्ट शोधतो. इथे ज्यांच्या गेमचा मेनू पहिल्या लेव्हलपेक्षा देखणा झाला आहे, त्यांनी हात वर करा. बघा, पहिली रांग जवळजवळ पूर्ण! कॅलेंडरवर फुली पडते, गेम तिथेच राहतो, आणि चाळिसाव्या दिवशी साखळी तुटते तेव्हा चाळीस दिवसांचं ओझं एकदम अंगावर येतं. त्यात रोजच्या फुलीने मोकळी संध्याकाळच संपवून टाकलेली असते. मोजायचंच असेल तर आठवड्याच्या चार बैठका मोजा. तीन झाल्या तर तीन. चुकलेली बैठक शनिवारी रात्री जागून भरून काढायची नाही. जागरणाचं ते कर्ज सोमवारच्या नोकरीला आणि मंगळवारच्या बैठकीला फेडावं लागतं.

बरं, दमून घरी आलात आणि बैठक तर ठरलेली आहे, तेव्हा काय? त्यासाठी कामांच्या दोन याद्या ठेवा. जड यादीत नवा कोड, लेव्हलची रचना, अवघड बग. हलक्या यादीत आवाजांच्या पातळ्या जुळवणं, फरशांच्या कडा नीट करणं, आधी झालेली लेव्हल खेळून खटकलेलं लिहून काढणं. दिवसा कोडच लिहिणाऱ्याने संध्याकाळी चित्र किंवा आवाज घ्यावा, कारण त्याचा कोडचा साठा ऑफिसात संपलेला असतो. हलकं काम तीस मिनिटं करून उठलात तरी ती बैठक झाली असं धरा.

थकवा आणि बर्नआउट यांची गल्लत होते, म्हणून तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून धरलेला नाही. न आवरलेल्या, दीर्घकाळच्या कामाच्या ताणातून येणारी स्थिती, अशी त्याची नोंद आहे. खूण तिहेरी आहे: शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. ही व्याख्या नोकरीधंद्याच्या कामापुरतीच आहे, पण संध्याकाळचा गेम हे आपलं दुसरं काम झालेलं असतं, म्हणून या खुणा इथेही उपयोगी पडतात. गेमच्या बाबतीत त्या अशा दिसतात: प्रोजेक्ट उघडता पण चालवत नाही, स्वतःचा गेम खेळवत नाही, आणि अचानक एक नवीच कल्पना फार सुंदर वाटायला लागते. नुसता थकवा असेल तर मोकळा शनिवार-रविवार गेल्यावर गेम खेळून बघावासा वाटतो. तेवढ्यानेही वाटलं नाही, तर दोन आठवडे प्रोजेक्ट बंद, आणि बंद करतानाही वर दाखवली तशी नोंद लिहूनच. झोप उडाली असेल किंवा नोकरीत चुका व्हायला लागल्या असतील, तर थेट डॉक्टरांकडे जा.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. मुख्य गणित आता भरभर.

बारीक कामं आणि आवराआवर वजा करता सहा तासांतले पाच उपयोगी धरा. समजा उड्या मारण्याचा साधा द्विमितीय गेम आहे, वीस लेव्हल. आधी तीन लेव्हल कागदापासून आवाजापर्यंत पूर्ण करा आणि लागलेले तास लिहा. समजा पाच, सात आणि सहा लागले. सरासरी सहा, म्हणून वीस लेव्हलना १२० तास. मेनू, सेव्ह, सेटिंग, कंट्रोलर, बग, विक्रीचं पान यांना तेवढेच आणखी धरा. हा भाग सगळेच विसरतात. एकूण २४०, म्हणजे ४८ आठवडे. पण वर्षातले बारा आठवडे आजारपण, घरची कामं आणि ऑफिसची घाई घेऊन जातात, ४० उरतात. म्हणजे चौदा महिन्यांच्या वर.

हे जास्त वाटत असेल तर तास वाढवू नका, लेव्हल कापा. बारा लेव्हल म्हणजे ७२ तास. बाकीचं काम त्या प्रमाणात घटत नाही, कारण सेव्ह बारा लेव्हलना लागतो तसाच वीसला लागतो. म्हणून ते ९० धरा. एकूण १६२, सुमारे ३२ आठवडे, म्हणजे दहा महिन्यांच्या आत. कापायचं ते तिसऱ्या लेव्हलनंतर लगेच. सतरावी अर्धी झाल्यावर कापताना आधीचे सगळे तास डोळ्यांसमोर येतात आणि हात चालत नाही.

कोणी म्हणेल, स्टारड्यू व्हॅली एकाच माणसाने केला. एरिक बरोनने केला, साडेचार वर्षांच्या आसपास लागली, फेब्रुवारी २०१६ मध्ये बाहेर आला. पण तेव्हा त्याची नोकरी अर्धवेळ होती, गेम हेच मुख्य काम होतं. आठवड्याला नुसते ४० तास धरले तरी तेवढं काम आपल्या पाच तासांत बसवायला छत्तीस वर्षं लागतील. तुलना करायची तर तासांशी करा, वर्षांशी नको.

आणि शेवटचं, तारखेचं. स्टीमवर गेम आणायचा असेल तर शुल्क भरल्यापासून तीस दिवस तो प्रकाशित करता येत नाही, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे दिसत राहावं लागतं. पान आणि बिल्ड या दोन्हींची तपासणीही होते, तिला काही दिवस जातात. हे सगळं गेम पूर्ण झाल्यावर सुरू केलंत, तर दीड महिना हातात काम नसतानाही ताण राहतो. शुल्क भरणं आणि पान लिहिणं ही कामं शेवटच्या चार लेव्हल बाकी असतानाच हलक्या यादीत टाका.