न तुटता पिळणारा शाफ्ट

(वडोदरा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभ्य स्त्री-पुरुषहो, शाफ्टचा व्यास ठरवताना तो तुटेल का, एवढाच प्रश्न आपण बहुधा विचारतो. आज मी त्याच्या शेजारचा प्रश्न घेणार आहे, तो म्हणजे मोटारीचा टॉर्क पेलताना तो किती पिळेल हा. त्यासाठी उदाहरण मकरपुऱ्याच्या कुठल्याही शेडमध्ये दिसेल असेच घेऊ. छताखाली रुळांवरून पुढेमागे सरकणाऱ्या क्रेनमध्ये एकच मोटार दोन्ही बाजूंची चाके लांब शाफ्टने फिरवते. माझ्या उदाहरणात रुळांमधले अंतर 8 मीटर आहे, परंतु जागेच्या अडचणीमुळे गिअरबॉक्स मध्यावर न बसवता एका बाजूला बसवला आहे. त्यामुळे एका चाकाकडे 2 मीटरचा आणि दुसऱ्याकडे 6 मीटरचा शाफ्ट जातो. दोन्ही भरीव, 40 मिलिमीटर व्यासाचे.

मोटार 3.7 किलोवॅटची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची. शक्तीला कोनीय वेगाने भागले की टॉर्क मिळतो. तो सुमारे 24.5 न्यूटन-मीटर येतो. गिअरबॉक्स वेग 20 पटींनी घटवतो, म्हणून तूर्त घर्षणातली घट सोडून दिली तर बाहेर 490 न्यूटन-मीटर मिळतात, आणि दोन्ही चाकांवर सारखा भार धरला तर प्रत्येक शाफ्टच्या वाट्याला 245 येतात. याने शाफ्टच्या पृष्ठभागावर निर्माण होणारा कर्तन ताण जेमतेम 19.5 मेगापास्कल आहे. साध्या पोलादालाही तो सहज सोसतो, आणि इथेच बरेच जण कागद मिटून ठेवतात.

आता पिळाचा कोन काढू. सूत्र असे आहे:

θ = TL / (GJ), J = πd⁴ / 32

θ म्हणजे रेडियनमधला पिळाचा कोन, T टॉर्क, L शाफ्टची लांबी, d त्याचा व्यास आणि J हे त्या व्यासावरून ठरणारे माप; G म्हणजे कर्तन गुणांक, पोलादासाठी सुमारे 80 गिगापास्कल; आणि GJ/L म्हणजे शाफ्टचा पिळाविरुद्धचा ताठपणा, अर्थात एक रेडियन पिळायला लागणारा टॉर्क. आपल्या लांब शाफ्टचा ताठपणा सुमारे 3350 न्यूटन-मीटर प्रति रेडियन आहे, म्हणून तो 4.2 अंश पिळतो, तर आखूड शाफ्ट 1.4 अंश. फरक 2.8 अंशांचा, आणि 400 मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर मोजला तर जवळजवळ 10 मिलिमीटर. म्हणजे जवळचे चाक चालू लागते तेव्हा दूरचे 10 मिलिमीटर मागे राहू पाहते. क्रेनचा सांगाडा स्वतः ताठ असल्याने हे सगळे अंतर तिरकेपणाच्या रूपाने दिसणार नाही; काही भाग जवळच्या चाकावरचा भार वाढण्यात जाईल. परंतु चाकाच्या फ्लँजला रुळावर घासायला तेवढे पुरते. शिवाय मोटार थेट सुरू होते तेव्हा तिचा टॉर्क नेहमीच्या दुपटीपुढे जाऊ शकतो, आणि पीळ टॉर्कच्याच प्रमाणात वाढतो.

गंमत अशी की, व्यासाच्या 20 पट लांबीत एक अंशापेक्षा जास्त पीळ नको, हा जुना कारखानी नियम हा शाफ्ट आरामात पाळतो. नियम चुकीचा नाही. त्याला फक्त दोन शाफ्टमधल्या फरकाची कल्पना नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे अधिक मजबूत मिश्र पोलाद. मी स्वतः तरुणपणी तो सुचवला होता, आणि एका कारखान्याचे पैसे वाया घालवले होते! मिश्र पोलादाने तुटण्याची मर्यादा वाढते, G मात्र जवळपास तोच राहतो. त्यामुळे ताठपणाही तोच राहतो. बदलण्याजोगा असतो तो व्यास, कारण J त्याच्या चौथ्या घातात आहे. लांबी तिप्पट असलेल्या शाफ्टला तोच ताठपणा द्यायचा तर व्यास 1.32 पट हवा. म्हणून आखूड शाफ्ट 45 आणि लांब 60 मिलिमीटरचा घेतला की पीळ अनुक्रमे 0.87 आणि 0.83 अंश होतो, आणि चाकाच्या कडेवरचा फरक 0.2 मिलिमीटरच्याही आत येतो. दोन्ही शाफ्ट 60 चे घेतले असते, तर पोलाद जास्त लागूनही फरक 1.9 मिलिमीटर राहिला असता. इथे एका शाफ्टच्या जाडपणापेक्षा दोघांची जुळणी मोलाची आहे.

प्रत्यक्ष जागेवर मात्र एक खबरदारी घ्यावी. चाक मागे पडते ते पिळामुळेच असे नाही. कपलिंगमधली किंवा चावीच्या खाचेतली ढिलाईही तेच करते. क्रेनचा वीजपुरवठा तोडून दूरचे चाक पक्के अडकवावे, गिअरबॉक्सकडचे कपलिंग सोडून शाफ्टचे ते टोक टॉर्क पान्याने हळूहळू फिरवावे आणि टॉर्क व कोन लिहीत जावे. टॉर्क न वाढता कोन सरकला तर ती ढिलाई. त्यापुढची सरळ रेष शाफ्टची, आणि तिचा चढ GJ/L शी पडताळता येतो. चढ हिशोबापेक्षा बराच कमी निघाला, तर व्यास बदलण्याआधी कपलिंग उघडून पाहावे.